चार तोळ्यांच्या पाटल्या

सराफी पेढीवर वजनकाट्याशी बसून मला बरीच वर्षे झाली आहेत, परंतु त्या दिवशीसारखा घोळ पूर्वी कधी पाहिला नव्हता. एक वयस्क गृहस्थ आईच्या पाटल्या मोडून नव्या बांगड्या घेण्यासाठी आले होते. पाटल्यांसोबत जपून ठेवलेली जुनी चिठ्ठी होती आणि तिच्यावर शाईने 'तोळे ४' एवढेच लिहिलेले होते. आमच्या नव्या मुलाने चिठ्ठी वाचली, आणि पाटल्या काट्यावर न ठेवताच मोडीच्या कागदावर '४ तोळे, म्हणजे ४० ग्रॅम' असे लिहून मोकळा झाला.

त्याचे सर्वस्वी चुकले असेही म्हणता येत नाही, कारण आज बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. फलकावरचा भाव दहा ग्रॅमचा असतो आणि गिऱ्हाईक विचारते, "आज तोळा काय भाव?" परंतु जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ९६ गुंजांचा, आणि त्याचे वजन ११.६६४ ग्रॅम भरते. चिठ्ठी त्या तोळ्याची होती.

मी पाटल्या काट्यावर ठेवल्या. आकडा स्थिरावला तो ४६.३१० वर. गृहस्थ गोंधळून म्हणाले, "अहो, सोनं वाढलं कसं?" मी त्यांना गुणाकार करून दाखवला: चार गुणिले ११.६६४ म्हणजे ४६.६५६ ग्रॅम. सोने वाढले नव्हते, उलट वर्षानुवर्षे हातात घासून ०.३४६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन गुंजा, झिजले होते. एवढी झीज पाहून तर ती चिठ्ठी याच पाटल्यांची असावी, याची मला खात्रीच पटली.

कस तपासला तेव्हा सोने २२ कॅरेटचे निघाले. मग मी त्यांना फलकावरची नेमकी ओळ दाखवली, कारण वरच्या ओळीत २४ कॅरेटचा भाव होता आणि बहुतेकांची नजर आधी तिथेच जाते. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला ६०,००० रुपये धरला, तर एका ग्रॅमचे ६,००० होतात, आणि ४६.३१० ग्रॅमचे २,७७,८६० रुपये. मुलाच्या कागदाप्रमाणे मात्र २,४०,००० रुपयेच झाले असते. एका शब्दापायी ३७,८६० रुपयांचा फरक पडत होता, आणि तोही कोणी फसवायला बसलेले नसताना.

नव्या बांगड्यांच्या वेळी हाच पेच उलट बाजूने उभा राहिला. ते म्हणाले, "चार तोळ्यांच्याच हव्यात." मी विचारले, "आईंचे चार की आजचे चार?" ते हसले, आणि ४६ ग्रॅमच्या आसपास वजनाच्या बांगड्या दाखवायला सांगितले. पावतीवर मी तोळा हा शब्द लिहिलाच नाही. निव्वळ वजन ग्रॅममध्ये, कॅरेट, दर ग्रॅमचा भाव आणि घडणावळ वेगळी मांडली. मुलाचा पहिला कागद त्यांनी मागून घेतला आणि आईच्या चिठ्ठीसोबत घडी घालून ठेवला.