बाबांची चक्कर आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न

बाबांना चक्कर येऊ लागल्यापासून पुण्याच्या दादाशी व्हॉट्सअ‍ॅपवर माझे रोज बोलणे होत होते. इंदूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, तेव्हा त्या लांबलचक चॅटमधून नेमके काय विचारायचे, हे मला ठरवावे लागले.

प्रथम चॅटमध्ये ‘चक्कर’ हा शब्द शोधून मी त्या त्या संदेशावर खूण केली. मानेचा मणका, अशक्तपणा, पित्त हे आमचे अंदाज बाजूला ठेवले आणि प्रत्येक प्रसंगाच्या फक्त चार गोष्टी वहीत उतरवल्या: वेळ, बाबा तेव्हा काय करत होते, त्रास किती वेळ राहिला आणि कशाने थांबला. एकाखाली एक लिहिल्यावर दिसले की, चक्कर बहुतेक पहाटे अंथरुणातून उठताना किंवा पूजेच्या पाटावरून उभे राहताना येत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि बसल्यावर थोड्या वेळात बरे वाटत होते. कूस बदलताना त्रास होत नव्हता आणि खोली फिरल्यासारखीही वाटत नव्हती. हे ‘नाही’ मी मुद्दाम लिहिले, कारण कानाच्या आतील दोषामुळे येणारी चक्कर अनेकदा कूस बदलताना येते आणि खोली फिरल्यासारखी वाटते.

मग पहिल्या प्रसंगाच्या आधीचे संदेश वाचले, आणि तिथेच सर्वांत महत्त्वाची नोंद सापडली. प्रोस्टेटसाठी रात्रीची टॅम्सुलोसिनची गोळी त्याच सुमारास सुरू झाली होती. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आधीपासून होतीच. टॅम्सुलोसिनने रक्तवाहिन्याही काहीशा सैलावू शकतात आणि उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे बाबांना पाच मिनिटे आडवे ठेवून घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजला, तो १३४/७८ आला. उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११२/७० आणि तीन मिनिटांनी ११०/६८. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. मोजताना ते पडू नयेत म्हणून मागे खुर्ची ठेवली होती.

डॉक्टर हिंदीभाषक असल्याने चिठ्ठी हिंदीत लिहिली. वर या नोंदींचे दोन ओळींत सार आणि खाली तीन प्रश्न होते. या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने उभे राहताना रक्तदाब उतरतो का, आणि तसे असल्यास गोळी, मात्रा वा वेळ बदलता येईल का? हिमोग्लोबिन, साखर किंवा ईसीजी तपासावा का? कोणत्या आकड्याला किंवा लक्षणाला तुम्हाला लगेच फोन करावा? शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा बोलणे अडखळणे यांचा त्यात समावेश केला नाही. तसे झाल्यास भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे आमचे ठरलेले होते. भेटीपर्यंत कोणतीही गोळी आम्ही परस्पर बंद केली नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून बाबांचा रक्तदाब स्वतः उभ्याने मोजला आणि टॅम्सुलोसिनबद्दल मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून निर्णय घेऊ, असे सांगितले.