पंचेचाळीस सेकंदांचं पातळ बेसन

नागपुरात खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंपाकाच्या YouTube चॅनेलचा ट्रेलर लिहायला घेतला की पहिली ओळ बहुतेकांना आपोआप सुचते: "नमस्कार मंडळी, आमच्या चॅनेलवर तुमचं मनापासून स्वागत आहे." ही ओळ सावकाश म्हटली तर चार सेकंद खाते. ट्रेलर बघणारा मुलगा नंदनवनातल्या नाहीतर धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत बसलेला असतो. उद्या त्याचं सबमिशन असतं आणि अंगठा पडद्यावरच असतो. चार सेकंदांत तो निघून जातो, आणि स्वागत स्वीकारायला मागे कुणी उरत नाही.

ट्रेलर कुणाला दिसतो, हे एकदा नीट समजून घेतलं की लेखन सोपं होतं. YouTube Studio मधल्या Customization या पानावर दोन वेगळ्या जागा असतात. ट्रेलरची जागा सबस्क्राइब न केलेल्यांसाठी असते. दुसरीत निवडलेला व्हिडिओ परत येणाऱ्या सबस्क्रायबरना दिसतो. म्हणजे ट्रेलर बघणारा माणूस पूर्ण परका. तुमची चव, तुमचा स्वभाव, तुमचं स्वयंपाकघर यातलं काहीच त्याला माहीत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं, की हे माझ्या खोलीवर, माझ्या शेगडीवर, माझ्याकडे आहे तेवढ्या सामानात होईल का. "चविष्ट", "झटपट", "सोप्या रेसिपी" हे शब्द त्याचं उत्तर देत नाहीत. वाटी, मिनिटं आणि भांडं देतात. म्हणून ट्रेलरमध्ये दहा पदार्थांच्या झलका कोंबण्यापेक्षा एकच पदार्थ फोडणीपासून ताटापर्यंत दाखवावा.

मग कोणता पदार्थ? नागपूरचं चॅनेल म्हटलं की तर्री पोहे लगेच डोळ्यांसमोर येतात, आणि फ्रेममध्ये ते दिसतातही झकास. पण तर्रीतले हरभरे आदल्या रात्री भिजवावे लागतात. मग कुकर लावा, शिट्ट्या मोजा आणि वाफ जिरेपर्यंत थांबा. त्या पदार्थावर "वीस मिनिटांत" लिहिलं तर बघणारा एकदा करून पाहील आणि पुन्हा फिरकणार नाही. सावजी रस्सा तर बोलायलाच नको. त्याचा मसाला भाजण्यातच ट्रेलर संपून जाईल. चॅनेलवर हे पदार्थ जरूर असावेत, रविवारसाठी. ट्रेलरसाठी मात्र पातळ बेसन. पुण्याकडची मुलं त्याला पिठलं म्हणतील, म्हणोत बापडी.

दोघांसाठी माप असं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हळद, मीठ, चवीपुरतं तिखट आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. तीन वाट्यांपैकी एक वाटी गार पाण्यात बेसन आधी कालवून ठेवायचं. उरलेल्या दोन वाट्या फोडणीत जातात. नवख्या माणसाची सगळी फजिती या एका पायरीवर होते. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलं की पिठाच्या गोळीची बाहेरची बाजू तत्क्षणी शिजून चिकट होते. त्या कवचातून पाणी आत जात नाही, आणि आतलं पीठ शेवटपर्यंत कोरडं राहतं. नंतर कितीही घोटलं तरी ती गुठळी मोडत नाही, फक्त लहान होते. ट्रेलरमध्ये काटछाट करताना हीच पायरी आधी उडते, कारण वाटीत पीठ कालवणं दिसायला काही खास नसतं. पण ती उडवू नये. खरं तर बघणाऱ्याला फुकट मिळालेली ही एकच युक्ती त्याला चॅनेलवर थांबवते.

वेळेचा हिशोबही खराच द्यायचा. चिरायला पाच मिनिटं, फोडणी आणि कांदा परतायला चार, पाण्याला उकळी यायला तीन, बेसन ओतून ढवळायला तीन, झाकण ठेवून पाच. झाली वीस. सराईत हात बारा मिनिटांत करेल, पण ज्याचा कांदाच चार मिनिटं चिरून होतो त्याच्यासाठी ट्रेलर आहे. घड्याळ चिरण्यापासून सुरू करायचं. "आधी चिरून ठेवलेला कांदा" हा स्वयंपाकाच्या व्हिडिओंमधला जुना लबाडपणा आहे.

आता संहिता. मराठी माणूस ऐकणाऱ्याला समजेल अशा वेगाने बोलला तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पंचेचाळीस सेकंदांत म्हणजे नव्वद शब्द मावतील, पण मग फोडणीला तडतडायला जागाच उरत नाही. बासष्ट शब्द पुरतात:

रात्रीचे साडेदहा. मेस बंद झाली.
खोलीवर एक कांदा आहे, वाटीभर बेसन आहे. बस झालं.
बेसन आधी गार पाण्यात कालवा, गुठळी होणार नाही.
कांदा-लसणाची फोडणी, पाण्याला उकळी, मग कालवलेलं बेसन. सतत ढवळा.
पाच मिनिटं झाकण.
चिरण्यापासून ताटापर्यंत वीस मिनिटं. दोघांना पुरतं, पोळ्या सकाळच्या चालतील.
इथे दर बुधवारी असाच एक पदार्थ. एक शेगडी, एक भांडं, माप वाटीचं.
सबस्क्राइब करा, म्हणजे बुधवारी शोधावं लागणार नाही.

पहिल्या ओळीच्या आधी दोन सेकंद फक्त मोहरीचा आवाज. पहिलं चित्र तेलातल्या मोहरीचं आणि त्या चित्रातच इंडक्शनची कड दिसली पाहिजे. गॅसची चार बर्नरची शेगडी, ग्रॅनाइटचा ओटा आणि मागे मांडलेल्या बरण्या दिसल्या की विद्यार्थ्याला कळतं, हे आपल्यासाठी नाही. "झाकण" या ओळीनंतर चार सेकंद काही बोलायचं नाही. झाकण उघडतं, वाफ येते, बेसन बदबदतं. सबस्क्राइबची विनंती शेवटी आणि एकदाच. वरच्या संहितेत "पुढच्या बुधवारी अमुक पदार्थ" असं काही नाही, तेही मुद्दाम. ट्रेलर महिनोनमहिने त्याच जागी चालतो आणि पुढचा बुधवार आठवड्यातच शिळा होतो.

कढई निवडताना घोटाळा होतो तो असा. ॲल्युमिनियमची कढई इंडक्शनवर तापतच नाही. इतवारीच्या बाजारात भांडं घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं; बुडाला घट्ट चिकटलं तर घ्यावं. पातळ स्टीलची कढई चुंबकाला चिकटली तरी तिच्यात बेसन खाली लागतं. बुड जाड हवं आणि बेसन ओतल्यावर आच उतरवायला हवी. इथे इंडक्शनची एक खोड छायाचित्रणात नडते. बऱ्याच शेगड्या कमी आचेवर थोडा वेळ पूर्ण चालतात आणि थोडा वेळ बंद राहतात. त्यामुळे बुडबुडे येतात, थांबतात, पुन्हा येतात. दोन तुकडे जोडताना एकात बेसन उसळतंय आणि लगेच पुढच्यात ते निपचित पडलंय असं दिसतं. म्हणून बदबदण्याचं चित्र एका दमात, वीस-पंचवीस सेकंद सलग घ्यावं आणि त्यातलाच तुकडा वापरावा.

बेसन शिजलं की नाही, हे कॅमेऱ्यात वासावरून सांगता येत नाही, पण दिसतं. कच्चं असताना वरचा भाग मंद आणि पिठूळ दिसतो. शिजलं की चकाकी येते, कडेने तेल सुटू लागतं आणि चमच्यावरून ते तुकड्यांऐवजी सलग धारेत पडतं. ही धार ट्रेलरमधलं सगळ्यात मोलाचं चित्र. ते आच बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत टिपावं, कारण बेसन निवताना घट्ट होतं आणि वर साय धरतं. उशीर झालाच तर थोडं गरम पाणी घालून हलवावं. गार पाणी घातलं तर ते फुटल्यासारखं दिसतं.

आवाजाची खरी अडचण एप्रिल ते जूनमध्ये येते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करायला कुणी तयार नसतं आणि त्याची घरघर प्रत्येक वाक्याखाली बसते. नंतर ती सॉफ्टवेअरने काढायला गेलं की बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. सोपा उपाय म्हणजे चित्र आधी घ्यायचं आणि आवाज नंतर, दहा मिनिटं कूलर बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभं राहून बोलायचा. कापडात आवाजाचे पडसाद विरतात. फोडणीचा आवाजही वेगळा घ्यावा, मोबाइल हातभर अंतरावर धरून. जवळ नेला तर काचेवर तेल उडतं. ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे पट्टे थांबतात. दुपारी खिडकीजवळ काम उरकलं तर हा प्रश्नच येत नाही. रात्रीचे साडेदहा आवाजात असले तरी पुरे.

फोन मात्र आडवा धरायचा. 15 ऑक्टोबर 2024 पासून चौकोनी किंवा उभा, तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरला जातो. उभा ट्रेलर चढवला तर तो वेगळ्याच वाटेला लागतो. पार्श्वसंगीताच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा. ट्रेलरच्या जागी व्हिडिओ चालतो तेव्हा जाहिरात येत नाही, पण त्यातल्या संगीतावर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर ही सवलत जाते. बेसनाच्या आधी साबणाची जाहिरात लागली, तर दोन सेकंदांची मोहरी कुणाला ऐकू येणार?

चढवल्यावर आठवडाभराने प्रेक्षक कुठे गळतात तो आलेख बघावा. पहिल्या पाच सेकंदांतच रेषा कोसळत असेल तर सुरुवातीचं चित्र बदलावं. कालवण्याच्या जागी कोसळत असेल तर तो तुकडा काढू नये, दोन सेकंदांनी लहान करावा. शेवटच्या ओळीवर थोडी गळती व्हायचीच. आणि "दर बुधवारी" हे वाक्य वेगळ्या फाइलमध्ये बोलून ठेवावं. परीक्षेच्या हंगामात वार बदलला तर चढवलेल्या व्हिडिओचा आवाज बदलता येत नाही, नवा व्हिडिओ चढवून तोच ट्रेलर म्हणून निवडावा लागतो. जुन्याचे व्ह्यूज त्याच्याबरोबर येत नाहीत, पण ट्रेलरच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही.