खाचरात राहिलेल्या तारा

मुळशीकडच्या एका होमस्टेच्या भिंतीवर लावायला ६ फूट रुंद प्रिंट हवी होती. जुलैतला फोटो: पाण्याने भरलेली भाताची खाचरं, मागे डोंगर आणि आभाळात आडव्या तीन विजेच्या तारा. मालक म्हणाले, "तेवढ्या तारा काढा, बास."

तासाभराचं काम वाटलं. फोटोशॉपमध्ये वर एक रिकामा लेयर घेतला, स्पॉट हीलिंगला Sample All Layers वर टिक केली आणि क्लोन स्टॅम्पचं Sample सेटिंग Current & Below वर ठेवलं. तार साधारण ६ पिक्सेलची होती, पण ब्रश १४ चा घेतला. कारण शार्पनिंगमुळे तारेच्या दोन्ही कडांना उजळ रेघ उमटलेली असते. नुसती तार पुसली की ती भुतासारखी मागे राहते. स्पॉट हीलिंगने एका टोकाला क्लिक, थोडं पुढे शिफ्ट दाबून क्लिक, की सरळ पट्टा पुसला जातो. तार मध्ये झोळ खाते म्हणून तुकडे आखूडच ठेवायचे.

अडलं ते आंब्याच्या झाडापाशी. हीलिंग ब्रश भोवतालचा रंग मिसळून घेतो. पानांजवळ फिरवला की पानांचा काळेपणा आभाळात ओघळल्यासारखा पसरतो. म्हणून ते पुसलं आणि आधी क्लोन स्टॅम्पने, जवळचंच आभाळ उचलून, पानांलगतची बोटभर तार तोडली. मग उरलेल्या सुट्या तुकड्यावर हीलिंग. हा क्रम उलटा केला की डाग पडतोच.

शेवटी वर एक कर्व्हज लेयर टाकून त्याची रेघ मुद्दाम लाटेसारखी वाकडीतिकडी केली. आभाळ भयानक दिसतं, पण साध्या नजरेला न दिसणारे ठिगळ उठून येतात. दोन सापडले, बुजवले, लेयर काढला आणि फाइल पाठवली.

संध्याकाळी मालकांचा फोन. "अहो, आमची धाकटी विचारतेय, पाण्यात तारा कशाच्या दिसताहेत?"

उघडून बघितलं. खाचरात तिन्ही तारांचं प्रतिबिंब, थरथरतं, तुटक, पण स्पष्ट! दिवसभर मी फोटोचा वरचा अर्धा भागच झूम करून बसलो होतो. कोपऱ्यातला खांबही तसाच होता, चिमण्यांसारखे इन्सुलेटर मिरवत, एकही तार नसलेला.

पाण्यातलं काम आभाळाच्या दुपटीने चाललं. रोपांच्या पात्या तारेला छेदून जात होत्या, तिथे हीलिंगने पातीच विरघळली. मग पातींच्या मधल्या फटींत बारीक क्लोन, तेही त्याच खाचरातलं, त्याच उंचीवरचं पाणी उचलून. वरच्या खाचराचं पाणी फिकट, जवळच्याचं गडद. दुसरीकडून उचललं की लगेच ठिगळ. खांब काढायला पुन्हा अर्धा तास, आणि पाण्यातली त्याची सावली शोधायला पाच मिनिटं.

रात्री साडेदहाला नवी फाइल गेली. उत्तर आलं, "धाकटी झोपली. सकाळी दाखवतो."