‘रविवारपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत? ॲडमिन पॅनेल बांधतानाचा माझा अनुभव

चादरी-पडद्यांच्या एका दुकानाची वेबसाइट मी करून दिली होती. दुकान चालवणाऱ्या ताई रात्री साडेदहाला मेसेज करायच्या, ‘अरे, डबल बेडच्या सेटची किंमत बदल ना.’ मी लॅपटॉप उघडायचो, डेटाबेसमध्ये एक आकडा बदलायचो आणि झोपायचो. सहा-सात महिन्यांनी मला त्याचा वीट आला. एक साधं पॅनेल करून द्यायचं, म्हणजे वस्तू, किंमती आणि ऑफर ताई स्वतःच बदलतील, असं ठरवलं. लॉगिन, वस्तूंची यादी, ‘नवीन वस्तू’चा फॉर्म, फोटो चढवणं हे सगळं एका शनिवार-रविवारात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

माझं डोकं खाल्लं ते ‘शेवटची तारीख’ या एका चौकटीनं.

ऑफरचा फॉर्म अगदी साधा होता. कोणत्या वस्तूंवर, किती टक्के सूट, कधीपासून, कधीपर्यंत. मूळ किंमतीला हात लावायचा नाही, सूट वेगळ्या टेबलात ठेवायची आणि दाखवताना हिशेब करायचा, एवढी अक्कल मला सुरुवातीलाच होती. पूर्वी ताई सूट म्हणून किंमतच कमी करायला सांगायच्या आणि ऑफर संपल्यावर आधीची किंमत किती होती ते दोघांनाही आठवायचं नाही. ताईंनी पहिली ऑफर स्वतः लावली. २० टक्के सूट, शुक्रवार १४ जून ते रविवार १६ जून. शुक्रवारी दुपारी मी साइट उघडून पाहिली, सूट दिसत होती. मी खूश.

रविवारी सकाळी दहाला फोन. ‘अरे, ऑफर गेली की! गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि मोबाइलवर पूर्ण किंमत दिसतेय. मी रविवारपर्यंत टाकलं होतं.’ मी पॅनेल उघडलं. तारीख बरोबर होती, १६. मग मीच ताईंना विचारलं, ‘तुम्ही चुकून बंद केलीत का?’ हा प्रश्न विचारल्याची लाज मला आजही वाटते.

कोड असा होता:

```js
const ends = new Date(req.body.ends_on); // "2024-06-16"
const chalu = new Date() < ends;
```

या दोन ओळींत दोन चुका आहेत. पहिली भाषेची. आपण ‘रविवारपर्यंत’ म्हणतो तेव्हा रविवार त्यात धरलेला असतो. संगणकाला नुसती तारीख दिली की तो त्या दिवसाचा पहिला क्षण धरतो, म्हणजे रविवार उजाडायच्या आधीच ऑफर संपायला हवी. पण मग ती शनिवारी रात्री १२ वाजता संपायला हवी होती. नोंदी पाहिल्या तर पहाटे पाच-सव्वापाचला आलेल्या एका ऑर्डरला सूट मिळालेली. ही दुसरी चूक. जावास्क्रिप्टला `2024-06-16` अशी नुसती तारीख दिली, तर ती `UTC` मधली मध्यरात्र धरली जाते. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ऑफर रविवारी पहाटे साडेपाचला संपली. आणि हो, शुक्रवारी ती सुरूही पहाटे साडेपाचलाच झाली होती. पण त्या वेळी चादरी कोण घेतंय, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

यावरून एक खूण लक्षात ठेवा. काहीही बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर लॉजिक तपासत बसू नका, टाइम झोन बघा.

मी घाईत केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट निघाली. तारखेला `T23:59:59` चिकटवलं, म्हणजे रविवारचा शेवटचा सेकंद. लॅपटॉपवर तपासलं, अचूक चाललं. सर्व्हरवर चढवलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला. पुढच्या सोमवारी ताईंचा मेसेज: रात्री बारा चाळीसला एक ऑर्डर आलीय, त्यातही सूट गेलीय.

गंमत अशी की नुसती तारीख असली तर जावास्क्रिप्ट ती `UTC` मधली धरते, पण तारखेसोबत वेळ असेल आणि झोन लिहिलेला नसेल, तर ज्या मशीनवर कोड चालतोय त्या मशीनची वेळ धरते. माझा लॅपटॉप आपल्या वेळेवर, सर्व्हर `UTC` वर. त्यामुळे तोच कोड माझ्याकडे रविवारी रात्री १२ ला ऑफर बंद करत होता आणि सर्व्हरवर सोमवारी पहाटे साडेपाचला. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे मी ताईंना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते खरंच होतं.

सर्व्हरवर `date` टाइप केलं की तो कोणत्या वेळेवर आहे ते कळतं. आणि लॅपटॉपवर सर्व्हरसारखी परिस्थिती हवी असेल, तर प्रोग्राम असा सुरू करायचा (लिनक्स किंवा मॅकवर):

```
TZ=UTC node server.js
```

हे मला आधी सुचलं असतं, तर एक आठवडा वाचला असता.

खरा उपाय सुचला तो ताईंच्या बोलण्यातून. त्या म्हणाल्या, ‘मला वेळ-बिळ नको रे, मी दिवस सांगते.’ बरोबरच होतं. ऑफर ही क्षणांची नव्हतीच, दिवसांची होती. मी उगाच दिवसाचा क्षण करत होतो आणि त्या क्षणाला झोन चिकटत होता. मग डेटाबेसमध्ये दोन्ही रकाने `date` प्रकारचे केले, ज्यात वेळ नसतेच. तुलना पोस्टग्रेसवर सोपवली. तिथं फक्त ‘दुकानाच्या घड्याळानं आज कोणती तारीख आहे’ एवढंच विचारायचं:

```sql
select * from offers
where (now() at time zone 'Asia/Kolkata')::date
      between starts_on and ends_on;
```

`between` मध्ये दोन्ही टोकं धरलेली असतात, म्हणजे आपल्या ‘पर्यंत’सारखंच. सर्व्हर कुठल्याही वेळेवर असो, ही ओळ चुकत नाही.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. लॅपटॉपवर तपासताना मी एक ऑफर उघडली, नावातलं शुद्धलेखन सुधारलं आणि सेव्ह केली. शेवटची तारीख १६ ची १५ झाली. परत उघडून सेव्ह केली, १४ झाली! पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो. कारण असं की नोडचं `pg` पॅकेज `date` रकान्याचीसुद्धा जावास्क्रिप्टची तारीख-वेळ करून देतं, मशीनच्या वेळेनुसार मध्यरात्रीची. ती फॉर्मकडे पाठवताना `UTC` मध्ये बदलली की होते `2024-06-15T18:30:00.000Z`. त्यातली पहिली दहा अक्षरं मी फॉर्ममध्ये भरत होतो, म्हणजे १५. सर्व्हर `UTC` वर असल्यामुळे तिथं हे घडलंच नसतं. या वेळी चूक फक्त माझ्याकडे होती, हाही एक न्यायच म्हणायचा. उपाय एका ओळीचा आहे. तारीख डेटाबेसमधूनच अक्षरं म्हणून मागायची, `to_char(ends_on, 'YYYY-MM-DD')`, आणि फॉर्मपर्यंत ती अक्षरंच राहू द्यायची.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो, किंमतीची चौकट. ताईंच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, त्या आकडे देवनागरीत टाकतात. जावास्क्रिप्टचं `Number("१२००")` उत्तर देतं `NaN`. माझा फॉर्म त्यावर ‘किंमत चुकीची आहे’ म्हणायचा आणि ताई म्हणायच्या, ‘यात चुकीचं काय आहे?’ सेव्ह करण्याआधी आकडे बदलून घ्या, एवढंच:

```js
s.replace(/[०-९]/g, d => "०१२३४५६७८९".indexOf(d))
```

आणि ‘डिलीट’ बटण देऊ नका. वस्तू पुसली की जुन्या ऑर्डरमध्ये तिचं नाव कुठून आणणार? मी ‘दुकानात दाखवू नका’ असा एक टिकमार्क दिला आहे.

परत तारखेकडे. पुढच्या ऑफरच्या वेळी रविवारी रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. बारा वाजून दोन मिनिटांनी पॅनेलमध्ये ‘संपली’ दिसलं, पण साइटच्या पहिल्या पानावर सूट तशीच. या वेळी दोष कॅशेचा होता. साइट झटपट उघडावी म्हणून तयार पान साठवून ठेवलं होतं आणि पॅनेलमध्ये सेव्ह दाबलं की ते पुसायचं, अशी सोय मीच केली होती. पण मध्यरात्री ऑफर आपोआप संपते तेव्हा सेव्ह कोण दाबणार? म्हणून रोज रात्री १२ वाजून १ मिनिटानं कॅशे पुसणारं काम `cron` मध्ये टाकलं. तो सर्व्हरच्या वेळेनं चालतो, म्हणून तिथं `1 0 * * *` लिहून भागत नाही, `31 18 * * *` लिहावं लागतं. हे मात्र मी पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिलं, तेवढा अभिमान बाळगू द्या. पानावर काहीही दिसत असो, ऑर्डर घेताना किंमत सर्व्हरवर पुन्हा काढायची, हे वेगळं केलंच. नाहीतर कुणी दुपारपासून उघडं ठेवलेल्या पानावरून मध्यरात्रीनंतर सूट घेऊन जातो.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र यातल्या कुठल्याच कोडचा झाला नाही. तारखेच्या चौकटीखाली मी एक वाक्य लिहून दाखवायला लागलो, तारखा निवडल्या की लगेच बदलणारं: ‘सूट शुक्रवारी सुरू होईल. रविवार हा शेवटचा दिवस. सोमवारी मूळ किंमत.’ ‘रात्री १२ पर्यंत’ असं मुद्दाम लिहिलं नाही, कारण कुठल्या रात्रीचे १२ यावरून पुन्हा फोन आला असता. ताई आता चौकटीतली तारीख बघतच नाहीत, हे वाक्य वाचतात आणि सेव्ह करतात. एकदा त्यांनी तारखा उलट्या भरल्या, तेव्हा वाक्यच विचित्र आलं आणि त्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या. त्यासाठीची लाल सूचना मी लिहिलीही नव्हती.

परवा ताईंनी विचारलं, ‘अरे, फक्त संध्याकाळी सहा ते नऊ अशी ऑफर लावता येईल का?’ म्हणजे आता खरोखरच वेळ हवी, `date` रकाना पुरणार नाही, `timestamptz` लागेल आणि झोनचा सगळा संसार परत मांडावा लागेल. मी म्हटलं, बघतो. अजून बघतोच आहे.