तुम्ही विचारलंत म्हणून: साबण आणि क्रीम

“अण्णा, गिऱ्हाईक महागडं क्रीम मागतं आणि तुम्ही त्याला स्वस्तातला साबण देता. असं का?”

क्रीमवर जास्त पैसे सुटतात आणि ते मलाही हवेच आहेत. पण साबण मळ काढतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्यातल्या बदाम-केशराचे जादा पैसे कशाला मोजायचे? मी वेष्टनावरचा टीएफएम दाखवतो, म्हणजे तेला-चरबीचा खरा अंश. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असला की साबण पहिल्या ग्रेडचा. मग वजन बघायचं आणि स्वस्त तो घ्यायचा. थंडीत टाचा फुटल्या तर अंघोळीनंतर ओलसर कातडीवर साधी पेट्रोलियम जेली पुरते.

गोरं करणाऱ्या ट्यूबचं मात्र वेगळं आहे. वाडीतली एक मावशी लेकीला घेऊन आली. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आठवडी बाजारात मिळालेली ट्यूब संपली होती, तसलीच दुसरी हवी होती. रिकामी ट्यूब मी उजेडात धरून वाचली. क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉईड. बाजूला लाल पट्टी आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत. पोरीच्या गालावर लाली, बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर लव. सुरुवातीला चेहरा उजळला होता म्हणे. आता एक दिवस लावलं नाही की आग होते, म्हणून ती पुन्हा लावायची. त्याच औषधाने कातडी पातळ होत होती आणि तेच बंद केलं की भडकत होती.

मी तसं सांगितलं. मावशी चिडली, “तुमच्याकडं नसंल तर नाही म्हणा. डॉक्टर हाय का तुम्ही?” ती गेली ती गेलीच, महिन्याचा किराणाही दुसरीकडून भरायला लागली.

पुढे ती पोरगी एकटीच आली. आग होणार नाही असा साबण मागत होती. मी साबण दिला नाही. नुसत्या पाण्याने तोंड धू, उन्हात पदर घे आणि जिल्हा रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरकडे ट्यूब घेऊनच जा, एवढं सांगितलं. तिथे एकदम न तोडता औषध कमी करत आणलं. लाली उतरली, उन्हात अजून येते.

गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, आपण पंचाईत करू नये, असं मी पूर्वी म्हणायचो. मावशीच्या तोंडून तेच ऐकलं आणि ते अगदीच खोटं आहे असं आजही म्हणवत नाही. मी डॉक्टर नाही, छापलेलं वाचतो एवढंच. शिवाय चारचौघांत तोंडाचा विषय काढला की पोरी लाजतात. म्हणून आता दुकानात गर्दी नसताना बोलतो. तरी काही जणी दुसऱ्या दुकानात जातात. गोरेपणाची साधी क्रीमं, स्टेरॉईड नसलेली, माझ्याही फळीवर आहेत. त्यांनी रंग बदलत नाही, हे सांगूनच विकतो. ती ठेवावीत की काढून टाकावीत, यावर घरात आमचं अजून एकमत नाही.