सर, जरा थांबाल का

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. एवढुसं वाक्य होतं, "सर, जरा थांबाल का?" पण ते दोन्ही पक्षकारांसमोर निघालं तोंडातून आणि तेव्हापासून कानात तेच वाजतंय.

दोघं पार्टनर, धंदा वेगळा करायचा म्हणून मध्यस्थीला आलेले. मध्यस्थ आम्ही दोघं, सर आणि मी. आम्ही आधी वाटून घेतलं होतं, पैसे आणि मालाचे मुद्दे सर घेणार, दोघांमधलं दुखणं मी. कागदावर छान दिसतं हे. मग धाकट्याने मशीन घेतो म्हटलं, पाव किमतीत, आणि मोठा एकदम गप्प. सरांनी लगेच विचारलं, हा आकडा कसा काढला? आकडा म्हणजे त्यांचाच मुद्दा, नियमाने बरोबर. पण ती चुप्पी पैशांची नव्हती हो. की होती? तेच तर ठरवता येईना, आणि मी बोलून बसले.

सर चिडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतोय. दोघांकडे बघून म्हणाले, "आमचं इथे पटत नाहीये. मला आकडा तपासायचाय, यांना आधी तुमचं ऐकायचंय. आधी काय घेऊ?" मोठा म्हणाला, "ते मशीन आलं तेव्हा हा नव्हताच." आणि मग तो बोलत राहिला, पण बघत होता सरांकडे! चुप्पी मी ओळखली, बोलला सरांशी. आठ वर्षं हे करतेय आणि आज वाटलं आपण फक्त खुर्ची भरायला असतो.

नंतर खासगी बैठकीला आम्ही दोघं एकत्रच गेलो, नेहमीसारखे, कारण एकेक जण एकेका पार्टीकडे गेला की परत येताना तिचा वकील होऊन येतो. आज मात्र मला मोठ्याकडे एकटीला जायचं होतं. का ते कळतंय, लिहीत नाही.

सेशननंतरच्या चर्चेत सर म्हणाले, "मी पेन आडवं ठेवलं होतं की." पेन आडवं म्हणजे मला मध्ये बोलायचंय, तू काही धरलं असशील तर आत्ताच अडव. ही खूण मीच सुचवलेली!! आणि मला दिसलं नाही कारण आम्ही शेजारी शेजारी बसलेलो, दोघांचेही डोळे समोर. हसायलाच आलं. त्यांनी विचारलं होतं, मी ऐकलं नव्हतं, आणि वर समोरच्यांना ऐकून घ्यायला शिकवत होते.

तरी "थांबाल का" थोडं मऊ म्हणता आलं असतं. असो.

मुद्द्यांवर वाटणी आता नको, टप्प्यांवर करू, एक चालवेल, दुसरा चेहरे बघेल. मशीनचं मूल्यांकन मोठ्या-धाकट्याने मिळून एकाच माणसाकडून करायचं ठरलंय, आकडा गुरुवारी येईल. त्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन खुर्च्या तिरक्या लावणारे.