हरलेली कॅप्शन बंद करायची नाही, असं मी का म्हणाले

सोशल मीडियावरच्या पोस्टना कुठल्या पद्धतीची कॅप्शन चालते, याच्या चाचणीचा रिपोर्ट सोमवारी सकाळी आपोआप मेलवर येतो. त्या सोमवारी त्यात हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ब विजयी, खात्री ९९ टक्के.’ खाली एक बारीक ओळ होती, की बुधवारपासून सगळ्या पोस्टना ब पद्धतीचीच कॅप्शन लागेल. ही ओळ कुणीच वाचत नाही. विजयी ठरवायचं कामही यंत्राचं आणि अंमलबजावणीही यंत्राचीच, अशी सोय आमच्याकडे अभिमानाने करून ठेवलेली आहे.

क्लायंटचं खातं झाडांची निगा राखण्याबद्दलचं आहे. प्रश्न साधा होता: कॅप्शनच्या पहिल्या ओळीत प्रश्न विचारावा की सरळ माहिती द्यावी? अ म्हणजे ‘पानं पिवळी पडली की तुम्ही पाणी वाढवता की कमी करता?’ ब म्हणजे ‘पानं पिवळी पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जास्त पाणी.’ पुढचा मजकूर दोन्हींत तोच.

बाहेरच्यांना वाटतं, एकच पोस्ट अर्ध्या लोकांना एका कॅप्शनने आणि उरलेल्यांना दुसरीने दाखवली की झालं. जाहिरातीत तशी वाटणी करता येते. पण पैसे न देता टाकलेल्या साध्या पोस्टला ती सोय आमच्या हातात नव्हती, आणि तोच फोटो दोनदा टाकला तर दुसऱ्यांदा तो शिळा झालेला असतो. म्हणून आम्ही जोड्या लावतो. एकाच धाटणीचे दोन विषय, तोच वार, तीच वेळ, लागोपाठचे आठवडे. प्रत्येक विषयाला दोन्ही कॅप्शन लिहून तयार असतात. कुठल्या विषयाला कुठली लागणार आणि आधी कुठली जाणार, हे स्क्रिप्ट चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवते. नाहीतर लिहिणारा आपली आवडती कॅप्शन नकळत चांगल्या फोटोला देतो. आकडेही पोस्ट बरोबर ४८ तासांची झाली की उचलले जातात, कारण सोमवारी सकाळी सरसकट उचलले तर रविवारची पोस्ट गुरुवारच्या पोस्टपुढे बिचारी दिसते. हा भाग मी स्वतः बसवला आहे आणि त्याबद्दल मला कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही.

निकालाचं सूत्र, म्हणजे एंगेजमेंट रेट, मात्र आधीपासून चालत आलेलं: लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज भागिले रीच, म्हणजे पोस्ट पाहिलेल्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या. ऐकायला न्याय्य वाटतं. ज्याला जास्त लोकांनी पाहिलं त्याला उगाच फायदा नको, म्हणून भागायचं.

मला खटकलं ते रीचमध्येच. अ च्या पोस्ट जास्त लोकांपर्यंत जात होत्या, काही जोड्यांत तर दुपटीहून जास्त. वेळा सारख्या, वार सारखे, मग हा फरक आला कुठून?

एक जोडी उघडून बसले. प्लॅटफॉर्मच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक पोस्टखाली फॉलोअर किती आणि बाहेरचे किती हे दिसतं. आमच्या रिपोर्टमध्ये ते येत नाही, त्यामुळे मोबाईलवर बघून हाताने शीटमध्ये भरलं. क्लायंटचे खरे आकडे देता येणार नाहीत, म्हणून तसंच प्रमाण ठेवून गोल आकड्यांत सांगते.

अ ला २०,००० लोकांनी पाहिलं. त्यातले ६,००० फॉलोअर आणि १४,००० बाहेरचे. फॉलोअरांपैकी ४८० जणांनी प्रतिसाद दिला, म्हणजे ८ टक्के. बाहेरच्यांपैकी २८० जणांनी, म्हणजे २ टक्के. एकूण ७६०, टक्केवारी ३.८.

ब ला ८,००० लोकांनी पाहिलं. फॉलोअर तेवढेच, ६,०००. त्यांतले ४२०, म्हणजे ७ टक्के. बाहेरचे फक्त २,०००, त्यांतले ३०, म्हणजे दीड टक्का. एकूण ४५०, टक्केवारी ५.६.

फॉलोअरांत अ पुढे. बाहेरच्यांत अ पुढे. एकत्र केलं की ब विजयी! संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. सिम्पसनचा त्यावरचा लेख १९५१ चा आहे, म्हणजे काही कालचा शोध नाही. तरी महिन्याचं भाडं घेणाऱ्या टूलमध्ये त्याची साधी सूचनाही नाही.

कारण समजायला अवघड नाही. पोस्ट आधी थोड्यांना दाखवली जाते, त्यांनी प्रतिसाद दिला की पुढे अनोळखी लोकांपर्यंत जाते. प्रश्नाला लोक उत्तरं देत होते, म्हणून अ लांब गेली. अनोळखी माणूस खात्याला ओळखत नाही, तो बोट फिरवून पुढे जातो. त्यामुळे जितकी लांब गेली तितका टक्का पडला. रीच हा कॅप्शनचाच एक परिणाम आहे आणि आपण त्यानेच भागतोय. पाहुणे जास्त आले म्हणून यजमानाचे गुण कापावेत, तसं.

मीटिंगमध्ये हे मांडलं तर आमचे टीम लीड म्हणाले, “अगं, पण एंगेजमेंट रेटच बघायचा असं आपण कळवलंय ना त्यांना?” कळवलंय. टीम लीडना निकालापेक्षा आधीच्या मेलशी सुसंगत राहण्याची काळजी जास्त असते. क्लायंटकडच्या मॅडमनी त्यापेक्षा बरा प्रश्न विचारला: “मग भागायचं तरी कशाने?”

तिथे मी अडकले, आणि अजून थोडी अडकलेलीच आहे. फक्त फॉलोअरांचा टक्का घ्यावा, तर त्यातही तीच खोट लहान प्रमाणात आहे. सर्वांत उत्साही फॉलोअर आधी पाहतात, आळशी नंतर. पोस्ट टाकते वेळच्या एकूण फॉलोअरसंख्येने भागावं, तर भाजक कॅप्शनमुळे हलत नाही, हे चांगलं. पण मग एखादी पोस्ट नशिबाने अनोळखी लोकांत उधळली की ती एकटी सगळा निकाल ओढून नेते. त्यामुळे मी फॉलोअरसंख्येने भागून, बेरीज न करता, प्रत्येक जोडीत कोण पुढे एवढंच मोजलं. बारा जोड्यांपैकी आठमध्ये अ.

हे ऐकून टीम लीड लगेच म्हणाले, “चला, मग अ लावू.” बारा वेळा नाणं उडवलं तरी आठ किंवा जास्त वेळा छाप साधारण पाचात एकदा येतो, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्या ९९ टक्क्यांचं गुपितही यातच आहे. टूल प्रत्येक बघणाऱ्याला स्वतंत्र पुरावा धरतं, म्हणून त्याला हजारो पुरावे दिसतात. पण एका पोस्टला फोटो एक, विषय एक, त्या संध्याकाळची हवा एक. पुरावे आहेत बारा जोड्यांचे. बाकी आकडा नुसता फुगवलेला.

बुधवारचा आपोआप बदल मी बंद करून घेतला. ब हरली असं माझं म्हणणं नाही. जिंकलेली नाही, इतकंच. त्यावर “इतके दिवस चाचणी केली आणि उत्तर नाही?” हा सूर निघालाच, आणि मला तो अन्यायाचा वाटला. उत्तर आहे, पण हिरव्या अक्षरांत मावत नाही.

आता नव्या फेरीत काही जोड्यांना दोन्हीकडे एकाच पद्धतीची कॅप्शन लावली आहे, म्हणजे अ विरुद्ध अ. कॅप्शनची पद्धत बदललेली नसताना दोन पोस्टमध्ये किती अंतर पडतं ते आधी कळू दे. त्याहून मोठं अंतर दिसेल तेव्हाच कॅप्शनचं नाव घ्यायचं. सुरुवातीच्या अशा एका जोडीत एक पोस्ट दुसरीच्या जवळजवळ दीडपट निघाली आहे. टीम लीडना अजून सांगितलेलं नाही, उरलेल्या जोड्यांचे ४८ तास भरायचे आहेत.